कोड बरोबर, तरी रंग वेगळा का दिसतो?

मंडळी, गाडीवरच्या स्टिकरवरचा रंगाचा कोड सांगून ओरखड्यासाठी रंग आणला तरी दारावर चट्टा दिसतोच, ही तक्रार आमच्या बेळगाव-निपाणी भागात गाडी दहा-बारा वर्षांची झाली की हमखास ऐकू येते. ऊसाच्या हंगामात तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं घासलेली एखादी गाडी प्रत्येक गल्लीत असतेच. मग दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कोड दिला की मॅच होणारच. दुसरा म्हणतो, कोडबिड काही नको, मिस्त्रीचा डोळा पाहिजे. मला दोघांचंही अर्धंच पटतं. कोड सांगतो तो गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा रंग. त्यानंतर तिनं किती ऊन खाल्लंय, हे त्या स्टिकरला माहीत नसतं. पण म्हणून कोड न बघताच डोळ्यानं रंग कालवायला बसणं म्हणजे पत्ता खिशात असताना गावभर विचारत फिरणं.

निपाणीच्या आमच्या मामांची गाडी उदाहरणाला घेतो, कारण तिच्यात सगळे प्रकार एकत्र भेटले. 2010 ची होंडा सिटी, KA-23 पासिंग, सिल्व्हर. मागच्या डाव्या दारावर हातभर लांब ओरखडा, त्यातला चार बोटं भाग थेट प्रायमरपर्यंत गेलेला. नख फिरवलं की अडकत होतं, म्हणजे नुसत्या पॉलिशनं जाणारं ते काम नव्हतं.

मामा आधी आरसी घेऊन एका दुकानात गेले होते. त्यांच्या आरसीवर रंगाच्या रकान्यात नुसतं 'सिल्व्हर' होतं. दुकानदारानंही त्यांना सिल्व्हरचा स्प्रे कॅन हातात दिला, झालं! सिल्व्हर म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगांत कुणी निळसर असतो, कुणी पिवळसर, कुणाची चमकी बारीक पिठासारखी, तर कुणाची भरड. नशीब, मामांनी तो कॅन दारावर मारायच्या आधी एका पत्र्यावर मारून बघितला.

खरा कोड कुठं बघायचा? या गाडीत चालकाचं दार उघडलं की मधल्या खांबावर छोटं स्टिकर दिसतं. त्यावर NH700M असं होतं. होंडाच्या कोडमध्ये सुरुवातीचं NH म्हणजे पांढरा, काळा, करडा, सिल्व्हर अशा रंगछटा नसलेल्या कुळातला रंग. लाल असेल तर R, निळा असेल तर B. मधला आकडा हा त्या रंगाचा नंबर. शेवटचं M म्हणजे मेटॅलिक, P असेल तर पर्ल, आणि शेवटी अक्षरच नसेल तर बहुतेक साधा, बिनचमकीचा रंग. उदाहरणार्थ NH578 हा होंडाचा साधा पांढरा. म्हणजे दुकानात जायच्या आधीच आपल्याला कळतं की रंगात चमकी आहे, वर क्लिअरचा पारदर्शक थर लागणार आणि काम जरा किचकट आहे.

बाकी कंपन्यांची पद्धत वेगळी. मारुतीचा कोड बहुतेक तीन अक्षर-आकड्यांचा असतो, Z2S किंवा 26U सारखा, आणि त्याची पट्टी मॉडेलप्रमाणे बॉनेटखाली नाहीतर दाराच्या खांबावर सापडते. टोयोटाच्या पट्टीवर C/TR असं लिहिलेलं असतं. त्यापुढचे पहिले तीन आकडे-अक्षरं बाहेरच्या रंगाची, नंतरची आतल्या सीट-कापडाची. पुष्कळ जण तो पूर्ण आकडा दुकानात सांगतात आणि मग 'कॉम्प्युटरवर येत नाही हो' हे उत्तर घेऊन परत येतात.

स्टिकर मळलेलं असेल तर ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुसा आणि मोबाईलची बॅटरी तिरपी धरून वाचा. पेट्रोल किंवा थिनर अजिबात लावू नका, घाणीबरोबर अक्षरंही जातात. स्टिकरच गायब असेल तर चेसिस नंबरवरून अधिकृत शोरूमवाले कोड काढून देऊ शकतात. चेसिस नंबर नुसता वाचून मात्र रंग कळत नाही, तो त्यांच्या नोंदीत शोधावा लागतो.

आणि एक इशारा, खास आपल्या भागासाठी. इथं कोल्हापूरकडून, गोव्याकडून जुन्या गाड्या भरपूर येतात. गाडी आधीच कुठं रंगवलेली असेल तर स्टिकरवरचा कोड त्या दाराला लागू नाही. दाराच्या आतली कड आणि बाहेरचा पत्रा एकाच उजेडात शेजारी बघा. रबरी पट्टीवर रंगाचे बारीक शिंतोडे आहेत का ते बघा. शिंतोडे दिसले तर ते दार दुसऱ्यांदा रंगवलंय असं धरून चाला.

आता मूळ मुद्दा. मामांचा कोड बरोबर, त्या कोडचा रंगही तयार मिळाला असता, तरी तो तसाच मारला असता तर दार उठून दिसलं असतं. याची कारणं दोन. पहिलं म्हणजे एकाच कोडचा रंग वेगवेगळ्या कारखान्यात, वेगवेगळ्या वर्षी थोडा थोडा बदलत जातो. म्हणून रंग मिसळणाऱ्या दुकानात एका कोडखाली मूळ फॉर्म्युल्याशिवाय दोन-चार 'व्हेरिएंट'ही असतात: जरा पिवळसर, जरा गडद, चमकी भरड असे. दुसरं कारण ऊन. उन्हानं वरचा क्लिअरचा थर म्हातारा होतो, कधी पिवळट पडतो, त्यात बारीक ओरखड्यांची जाळी बसते आणि खालचं सिल्व्हर मळकट वाटतं. लाल आणि मरून गाड्यांत तर खुद्द रंगच उडतो.

म्हणून मॅचिंगला बसायच्या आधी पत्रा साफ करणं आणि कंपाउंडची पेस्ट घासून तो उजळणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं तेच आपल्याकडं सगळ्यात शेवटी करतात. पेंटर आधी मळक्या पत्र्याशी रंग जुळवतो, काम झाल्यावर खूश करायला पूर्ण गाडी पॉलिश करून देतो. मग काय होणार? जुना पत्रा उजळतो आणि नवा पट्टा त्याच्यात काळवंडल्यासारखा दिसतो.

मामांच्या दारावर ओरखड्याशेजारी तळहाताएवढी जागा शांपूनं धुऊन, पांढऱ्या फडक्यानं कंपाउंड मारलं. फडकं पांढरंच राहिलं, म्हणजे वर क्लिअर शाबूत होता. जुन्या साध्या रंगाच्या गाडीत, वर क्लिअर नसेल तर, फडक्यावर गाडीचा रंग उतरतो. मेटॅलिक गाडीत फडक्याला रंग लागला तर क्लिअर झिजून गेलाय असं समजायचं, आणि तिथं टचअपच्या भानगडीत पडायचं नाही. छतावर, बॉनेटवर पापुद्रे सुटलेले असतील तरी तेच. तिथं तो अख्खा पत्रा घासून नव्यानं रंगवावाच लागतो.

पत्रा उजळल्यावर पेट्रोलच्या तोंडावरचं झाकण काढलं. लहान असतं, थोड्याशा खटपटीत निघतं, आणि गाडीबरोबर उन्हात राहिलेलं असल्यामुळं रंगाच्या दुकानात न्यायला याच्याइतका चांगला नमुना नाही. त्यालाही कंपाउंड मारलं आणि आधी दाराला लावून बघितलं. जुळलं. बंपरचा तुकडा नमुना म्हणून नेऊ नका. तो प्लास्टिकचा, वेगळा रंगवलेला असतो, नव्या गाडीतसुद्धा पत्र्याशी किंचित फरक दिसू शकतो.

आमच्या ओळखीच्या बेळगावच्या पेंटरना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांची पद्धत मला पटते ती एकाच गोष्टीसाठी: ते ओल्या रंगाला कधीच मत देत नाहीत. दुकानातून NH700M चा मूळ फॉर्म्युला आणि जरा पिवळसर व्हेरिएंट, असे दोन्ही 100-100 मिली वजनकाट्यावर मोजून आणले. दोन्ही वेगवेगळ्या कार्डावर स्प्रे गननं मारले, सुकल्यावर अर्ध्या कार्डावर क्लिअर मारला. क्लिअर पडला की सिल्व्हर गडद होतं, त्यामुळं क्लिअर नसलेल्या कार्डाशी तुलना करून उपयोग नाही. मग कार्ड दाराला टेकवून बाहेर उघड्यावर बघितलं, दुकानातल्या ट्यूबखाली नाही. ट्यूबखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडू शकतात.

मामा समोरून बघून म्हणाले, "बसलं की बरोब्बर!" अण्णा म्हणाले, "मामा, जरा बाजूनं या बघू." मेटॅलिकची गोम इथंच आहे. पिवळसर व्हेरिएंट समोरून जुळत होता, पण दाराच्या कडेनं तिरपं बघितलं की कार्ड जास्त उजळ वाटत होतं. अण्णांनी त्यात काळ्या टिंटरचा एक थेंब घातला, पण समोरूनही गडद झालं. मग त्यांनी थेंब न घातलेला पिवळसर व्हेरिएंटच घेतला आणि फक्त मारायची पद्धत बदलली. गन लांबून, कोरडी मारली की चमकीचे कण सपाट वर बसतात आणि रंग समोरून उजळ, बाजूनं गडद दिसतो. जवळून ओला मारला की कण थरात बुडतात, तिरपे होतात आणि रंग समोरून गडद, बाजूनं उजळ दिसतो. दुसऱ्या कार्डावर थोडा कोरडसर कोट दिला आणि दोन्ही बाजूंनी फरक जवळपास गेला. फॉर्म्युला तोच, हात वेगळा. 'जवळपास' म्हणतोय, कारण पूर्ण गेला असं म्हणायला मी तयार नाही.

ब्रशनं भरायच्या छोट्या बाटलीचंही हेच. ब्रशनं चमकीचे कण कसेही पडतात, त्यामुळं मेटॅलिक टचअप एक छटा गडदच दिसतो. दगडाच्या टिपक्याला चालतं, हातभर ओरखड्याला नाही. टिपका भरायचा असेल तर बाटली मिनिट-दोन मिनिटं चांगली हलवा, टूथपिकनं थेंब थेंब पातळ भरा, प्रत्येक थर सुकू द्या. एकदाच भरगच्च भरलात तर टेकाड तयार होतं.

दारावर पुढं काय केलं? ओरखडा घासून, प्रायमर मारून सपाट केला. सिल्व्हर फक्त त्या भागावर, कडेला विरळ होत जाणारं. क्लिअर मात्र पूर्ण दारावर मारला. दाराच्या मध्येच क्लिअर थांबवला तर काही महिन्यांत ती कड डोळ्यात भरते. क्लिअरमध्ये हार्डनर असतं, त्याची वाफ छातीला चांगली नाही. रुमाल बांधून घरच्या पडवीत मारायचं हे काम नाही, चांगला मास्क पाहिजे.

उरलेल्या रंगाबद्दल राहिलंच. हार्डनर न घातलेला सिल्व्हर बेस काचेच्या घट्ट बाटलीत टिकतो. हार्डनर घातलेला क्लिअर काही तासांत घट्ट होतो, तो ठेवण्यात अर्थ नाही. बाटलीवर नुसता कोड लिहू नका. अण्णांनी मामांच्या बाटलीवर असं लिहिलंय: NH700M, पिवळसर व्हेरिएंट, डावं मागचं दार, कोरडसर कोट.