परदेशातून : दहा टक्के की अकरा टक्के?

‘दोन्ही चिवड्यांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवलेत. अमेरिकेहून आलेल्या पाकिटावर सोडियम 10 टक्के आहे, मडगावात घेतलेल्यावर 11. घरात बीपीचं माणूस आहे. 10 वालं कमी खारट, म्हणून तेच मागवत जाऊ ना?’

नको, वहिनी. तुमच्या दोन पाकिटांत अमेरिकेचंच जास्त खारट आहे. टक्का दिसायला एकच असला तरी तो दोन्हीकडे वेगळ्या आकड्याचा काढलेला असतो. भारतात दिवसाला 2000 मिलिग्रॅम सोडियम धरतात, अमेरिकेत 2300. म्हणजे मडगावच्या पाकिटाचे 11 टक्के झाले 220 मिलिग्रॅम आणि इथल्या, अमेरिकेतल्या पाकिटाचे 10 टक्के 230.

त्यात सर्व्हिंगही सारखं नाही. पहिल्या फोटोत इथल्या लेबलाची वरची ओळ कापली गेली होती आणि सर्व्हिंग किती ते नेमकं त्याच ओळीत असतं. दुसऱ्या फोटोत ते दिसतं : 28 ग्रॅम. मडगावचं आहे 30 ग्रॅमचं. आता सोडियमला सर्व्हिंगच्या वजनाने भागा आणि शंभराने गुणा. मडगावचा चिवडा 100 ग्रॅमला साधारण 733 मिलिग्रॅम, इथला 821. आपल्याकडच्या पाकिटावर तर हा हिशेबही करावा लागत नाही, 100 ग्रॅमचा रकाना छापलेलाच असतो. इथे बहुतेक पाकिटांवर फक्त सर्व्हिंगचे आकडे असतात आणि दुकानात उभं राहून भागाकार कोणी करत नाही. या एका बाबतीत आपलं लेबल सरस आहे, हे मी इथे राहून ठामपणे सांगतो.

आणि 30 ग्रॅम म्हणजे किती, ते एकदा काट्यावर मोजून वाटीत घालून बघा. घरात कोणी साठ खात असेल, तर 11 चे 22 टक्के धरायचे.

यावर भाच्याचं म्हणणं, ‘टक्के, सर्व्हिंग काही बघू नका, 100 चाच रकाना बघा.’ चिवड्याला चिवडा लावायचा असेल तेव्हा त्याचं बरोबर आहे. पण तो हाच नियम कोकम सरबताला लावायला गेला आणि तिथे फसला. घट्ट सरबताच्या बाटलीवर 100 मिलिलिटरला साखर 60 ग्रॅम, तयार सरबताच्या डब्यावर 12. त्याच्या मते डबा पाचपट बरा. पण घट्ट सरबत कोणी तसंच पीत नाही. ग्लासात 25 मिलिलिटर घालून वर पाणी ओतलं, तर साखर होते 15 ग्रॅम. डबा 200 मिलिलिटरचा आणि तो एका दमात संपतो, म्हणजे 24 ग्रॅम. वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा दोन्ही देशांत 50 ग्रॅम धरतात. त्यातली निम्मी त्या एका डब्यात गेली. म्हणून पाणी घालून किंवा शिजवून खायचा जिन्नस असेल, तर ताटात किंवा ग्लासात येतो तेव्हाचं माप धरायचं. बाटलीतलं तुम्ही किती ओतता यावर सगळं अवलंबून आहे आणि प्रत्येक घरात ते वेगळं.

काकांचा प्रश्न निराळाच होता. त्यांना मधुमेह आहे आणि ‘एकूण साखरेपुढे टक्काच नाही, म्हणजे साखर नाही’ असं त्यांनी धरलं. काका, तिथे टक्का नसतो कारण एकूण साखरेला रोजची मर्यादाच ठरवलेली नाही. ती फक्त वरून घातलेल्या साखरेला आहे. तुम्ही एकूण कार्बोहायड्रेटचे ग्रॅम बघा. चिवड्यातल्या पोह्यांचा हिशेब त्यातच येतो, साखरेच्या ओळीत नाही. किती चालतील, ते तुमचे डॉक्टर सांगतील.

आपल्याकडे सध्या वाद आहे तो पाकिटाच्या दर्शनी बाजूचा. 2022 च्या मसुद्यात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तारे सुचवले, पदार्थ तब्येतीला जितका बरा तितके जास्त. चिलीत 2016 पासून आहेत तसे मीठ-साखर जास्त असल्याचे काळे इशारे हवेत, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. इथे अमेरिकेतही जानेवारी 2025 मध्ये पुढच्या बाजूला कमी-मध्यम-जास्त असं लिहिण्याचा प्रस्ताव आला, पण तोही सर्व्हिंगच्या टक्क्यांवर. 5 पर्यंत कमी, 20 पासून जास्त. त्या हिशेबाने वहिनींचा 10 टक्केवाला चिवडा ‘मध्यम’ ठरतो, मग वाटीत 28 ग्रॅम असोत की 60. हे आपण उचलू नये.

माझा कल इशाऱ्याकडे आहे. ताऱ्यांच्या मसुद्यात प्रथिनं आणि तंतुमय पदार्थांचे गुण मिठासाखरेच्या दोषांतून वजा होतात. बेसनाच्या शेवेत प्रथिनं असतातच, पण बीपीच्या माणसासाठी त्यामुळे मीठ कमी होत नाही. भाचा म्हणतो, इशारा आला तर फरसाणाच्या सगळ्याच पाकिटांवर येईल, मग दोनांतलं एक निवडायचं कसं? त्याचं हे म्हणणं मला खोडता येत नाही. तेवढ्यासाठी मागचा 100 ग्रॅमचा रकाना लागणारच, आणि तो आजच्यासारखा बारीक अक्षरात, पाकिटाच्या घडीत दडलेला असून चालणार नाही.