सहा मिलचं प्लास्टिक आणि बेसमेंटची ओल

‘बेसमेंट फिनिश करताय? भिंतीला लाकडी फ्रेम, फ्रेममध्ये फायबरग्लास, त्यावर सहा मिल, म्हणजे इंचाच्या सहा हजारांश जाडीचं प्लास्टिक ताणून लावा आणि ड्रायवॉल मारा. ओल आत येणारच नाही. बाहेरून फोमचे बोर्ड लावणार असाल तर सरळ मातीत गाडा, ते वॉटरप्रूफच असतात.’

हा सल्ला जन्मला जमिनीवरच्या भिंतींसाठी. मिनेसोटासारख्या थंडीत घरातली दमट हवा भिंतीत शिरून गार पडते, म्हणून तिला आतल्या बाजूला अडवतात. तिथे ते ठीकच. बेसमेंटची भिंत मात्र मातीत उभी असते आणि माती बारा महिने ओलसर. काँक्रीट ती ओल शोषून घेतं. बाहेर, मातीच्या बाजूला, वाळायला वाव नाही. राहिली आतली बाजू, आणि आपण नेमकं तिथेच प्लास्टिक ताणतो.

शिकागोजवळच्या एका मित्राच्या घरी हे उघडून पाहिलं. दुसऱ्याच उन्हाळ्यात कुबट वास यायला लागला होता. ड्रायवॉल काढलं तर प्लास्टिकच्या मागच्या बाजूला थेंब, फायबरग्लास खालून चिंब, आणि फ्रेमची तळपट्टी काळी पडलेली. बेसमेंट करून देणाऱ्याने ‘भिंत गळतेय’ म्हणून हात झटकले. पण कुठे तडा नव्हता की पाझर नव्हता.

उन्हाळ्यात खोलीतली हवा २५ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर ती साधारण १७ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी सोडते. जमिनीखालचं काँक्रीट जुलैतही त्याहून गार असू शकतं. स्विचच्या खोक्यांभोवतून आणि खालच्या फटीतून हवा मागे जातेच. हिवाळ्यात वेगळाच घोळ. बाहेर उणे १० असताना फायबरग्लासमागचा, जमिनीवर डोकावणारा काँक्रीटचा पट्टा उणे सातच्या आसपास जातो, कारण आपणच त्याला घराच्या उबेपासून तोडलेलं असतं. तिथे हिम धरतं, मग ते वितळतं.

म्हणून फोम थेट काँक्रीटला चिकटवायचा आणि सांधे टेपने बंद करायचे, म्हणजे खोलीतली हवा गार काँक्रीटपर्यंत पोचतच नाही. एक्सपीएस या फोम बोर्डाचा एक इंच साधारण आर-५ देतो; आर म्हणजे उष्णता अडवायच्या ताकदीचं माप. शिकागोच्या पट्ट्यात सलग थरासाठी अमेरिकी बांधकाम कोड आर-१५ मागतो, म्हणजे तीन इंच. वर दिलेल्याच थंडीत या फोमची आतली बाजू १७-१८ अंशांवर राहते, तिथे दव पडायचा प्रश्न नाही. पुढची लाकडी फ्रेम रिकामी ठेवली तरी चालते. फोम उघडा मात्र ठेवायचा नाही, आगीसाठी त्यावर किमान अर्धा इंच ड्रायवॉल हवं.

पण आधी भिंत तपासा. उघड्या काँक्रीटवर दीड फूट चौरस प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून सोळा तास तरी ठेवा. मागच्या बाजूला ओल दिसली तर ती भिंतीतून येते, खोलीच्या बाजूला थेंब दिसले तर खोलीतल्या हवेतून. भिंतीला लोणा लागला असेल तर पाण्याची ये-जा जुनीच आहे. पाणी प्रत्यक्ष पाझरत असेल तर फोम लावू नका. पहिल्या दहा फुटांत सहा इंच तरी उतार बाहेरच्या बाजूला आहे ना आणि पन्हळीचं पाणी भिंतीपाशीच तर पडत नाही ना, हे बघा. फोममागे लपलेली गळती नंतर शोधणं महागात पडतं.

आता बाहेरचे बोर्ड. एक्सपीएस पाणी कमी पितं, अजिबात पीत नाही असं नाही, आणि ओल्या मातीत वर्षानुवर्षं राहून त्याची उष्णता अडवायची ताकद थोडी घटते. पॉलीआयसो हा दुसऱ्या प्रकारचा फोम तर जमिनीखाली वापरूच नये. भिंतीला डांबरी लेप देणार असाल तर पाण्याच्या आधाराचा घ्या, सॉल्व्हंटवाला फोम विरघळवतो. भरावातले टोकदार दगड बोर्डाला भोकं पाडतात, म्हणून माती भरण्याआधी बोर्डावर खाचांची ड्रेनेज शीट लावतात. ती पाणी खालच्या पाइपकडेही नेते.

सगळ्यात आधी बिघडतो तो जमिनीवर दिसणारा पट्टा. उन्हाने फोम पिवळा पडून भुकटी होतो आणि गवत कापायचं ट्रिमर कडा खाऊन टाकतं. म्हणून कोडनुसार उघड्या भागावर कडक, अपारदर्शक आवरण हवं आणि ते जमिनीखाली किमान सहा इंच गेलं पाहिजे.

जॉर्जिया, फ्लोरिडासारख्या वाळवीच्या राज्यांत राहणाऱ्यांनी मात्र बाहेरच्या फोमचा विचारच सोडावा. वाळवी फोममधून दिसेनाशी वाट काढत वरच्या लाकडापर्यंत पोचते, म्हणून जास्त वाळवीच्या भागात फोम मातीला टेकवायला कोड सहसा मनाई करतो. तिथे आतूनच काम करावं लागतं.