सॉलिड गोळ्याचं 2/5 बरोबरच आहे, 3/5 कुठून येतं ते बघा

"पुस्तकात सॉलिड स्फिअरचा मोमेंट ऑफ इनर्शिया 2/5 MR² दिलाय तो चुकीचा आहे. 1) गोळ्यातला प्रत्येक कण केंद्रापासून r अंतरावर असतो, म्हणून r² dm चं इंटिग्रेशन करा, स्फेरिकल कोऑर्डिनेट्सने सरळ 3/5 MR² येतं. 2) गोळा सगळीकडून सारखा, मग मधे अँगल आणायचं कारणच नाही. 3) पृथ्वीचाही 2/5 येत नाही, 0.33 येतो. 4) आम्ही छर्रा चॅनलमधून सोडून बघितला, 0.6 च्या आसपासच येतो. सर, हाई खरं शे का?"

नाही भाऊ, खरं नाही. अमळनेर, पारोळा, चोपडा, सगळीकडच्या बारावीच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय आणि पोरं आता पेपरात 3/5 लिहायला लागलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चारही मुद्दे एकाच पातळीवर चुकलेले नाहीत, चौथ्यात तर पोरांनी खरंच मेहनत घेतलीय आणि त्याचं उत्तर सगळ्यात जास्त शिकण्यासारखं आहे, त्यामुळे तो शेवटी नीट बघू.

पहिला मुद्दा. मोमेंट ऑफ इनर्शियात जे अंतर घ्यायचं ते अक्षापासूनचं, काटकोनात मोजलेलं. केंद्रापासूनचं नाही. खळ्यातला मधला खांब डोळ्यासमोर आणा, त्याच्या टोकावर दिवा बांधलाय. खांबाच्या बुडापासून दिवा दहा फुटांवर आहे, पण खांब जागच्या जागी गोल फिरवला तर दिवा कुठे जातो? कुठेच नाही, तो अक्षावरच आहे, त्याचं अंतर शून्य. आणि बुडाजवळ जमिनीवर दहा फुटांवर उभा असलेला बैल मात्र पूर्ण दहा फुटांचं वर्तुळ मारतो. बुडापासून दोघं सारख्याच अंतरावर, पण फिरवायला लागणारा जोर अजिबात सारखा नाही. गोळ्यातही तेच, वरच्या टोकाजवळचा कण केंद्रापासून R वर असला तरी व्यासाभोवती तो जवळजवळ फिरतच नाही.

स्फेरिकल कोऑर्डिनेट्समधे हे अंतर r sinθ आहे, θ म्हणजे अक्षापासून मोजलेला कोन. आणि छोट्या तुकड्याचं वस्तुमान

dm = ρ r² sinθ dr dθ dφ

म्हणजे sin दोन वेगवेगळ्या कारणांनी येतो. अंतराच्या वर्गातून sin²θ आणि तुकड्याच्या आकारमानातून आणखी एक sinθ, मिळून sin³θ. आता नीट मांडा:

I = ρ ∫ r⁴ dr · ∫ sin³θ dθ · ∫ dφ

r ची मर्यादा 0 ते R, θ ची 0 ते π, φ ची 0 ते 2π. पहिलं इंटिग्रल R⁵/5. शेवटचं 2π. मधल्यासाठी sin³θ ला sinθ (1 − cos²θ) असं फोडा, u = cosθ घ्या, मग 1 − u² चं −1 ते 1 इंटिग्रेशन, म्हणजे 2 − 2/3 = 4/3. तिन्हींचा गुणाकार

I = 8πρR⁵/15

आणि ρ = 3M/(4πR³) टाकलं की 2/5 MR². झालं. मेसेजवाल्याने sin²θ सोडून दिला, म्हणून त्याच्याकडे मधलं इंटिग्रल 4/3 ऐवजी 2 आलं आणि उत्तर बरोबर दीडपट होऊन 3/5 झालं. गणिताची आकडेमोड त्याची चुकलेली नाही, त्याने वेगळीच राशी काढलीय, केंद्रबिंदूपासूनच्या अंतराच्या वर्गाची बेरीज.

याच ठिकाणी आणखी दोन चुका मी दरवर्षी वह्यांमधे बघतो. एक, अंतराचा sin²θ लिहितात पण आकारमानाचा sinθ विसरतात, मग उत्तर 3π/20 MR² म्हणजे साधारण 0.471 येतं, दिसायला एकदम शहाण्यासारखं, म्हणून पटकन पकडता येत नाही. ती पकडायची सोपी युक्ती म्हणजे आधी त्याच dm ने नुसतं वस्तुमान काढून बघा, 4πR³/3 गुणिले ρ आलं नाही तर dm मधेच घोळ आहे, पुढे जाऊच नका. दुसरी चूक, θ ला 0 ते 2π फिरवतात. तेव्हा sin³θ चं इंटिग्रल शून्य येतं आणि पोरगं घाबरून जातं. θ फक्त वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, अर्धाच फेरा, उरलेलं काम φ करतो. (गणिताच्या काही पुस्तकांत θ आणि φ ची अदलाबदल असते, त्यामुळे दोन पुस्तकं एकत्र ठेवून सोडवू नका.)

दुसरा मुद्दा, सारखेपणाचा. गोळा सगळीकडून सारखा आहे हे खरं, पण अक्ष आपण निवडलाय आणि अक्ष निवडला की वरचं टोक आणि मधला पट्टा सारखे राहत नाहीत. सारखेपणाचा उपयोग करायचाच ना, तर असा करा. x, y, z तिन्ही अक्षांभोवतीचे मोमेंट सारखेच असणार. x भोवती y² + z², y भोवती z² + x², z भोवती x² + y². तिघांची बेरीज केली की प्रत्येक वर्ग दोनदा येतो, म्हणजे

3I = 2 ∫ r² dm

आणि ∫ r² dm म्हणजे तेच मेसेजवालं 3/5 MR². त्याची दोन तृतीयांश, 2/5. मला हे फार आवडतं, कारण चुकलेल्या उत्तरातूनच बरोबर उत्तर निघतं आणि कुठे काय राहिलं तेही कळतं: गोळ्याच्या पृष्ठावर sin²θ ची सरासरी 2/3 असते, तीच त्याने 1 धरली.

इंटिग्रेशन नको असेल त्याच्यासाठी एक तपासणी सांगतो. गोळा म्हणजे एकावर एक रचलेल्या चकत्या समजा, भाकरीची चळत जशी, फक्त मधली मोठी आणि टोकाच्या लहान लहान होत गेलेल्या. प्रत्येक चकतीचा मोमेंट तिच्या वस्तुमान गुणिले त्रिज्येच्या वर्गाच्या निम्मा, आणि कुठल्याच चकतीची त्रिज्या R पेक्षा मोठी नाही. मग एकूण बेरीज 1/2 MR² च्या वर जाऊच शकत नाही. 0.6 हे 0.5 पेक्षा मोठं आहे, म्हणजे सगळीकडे सारख्या घनतेच्या सॉलिड गोळ्याला ते उत्तर शक्यच नाही. (वरचं 0.471 मात्र या तपासणीतून सुटतं, म्हणून वस्तुमानाची तपासणी वेगळी करायचीच.)

तिसऱ्या मुद्द्यातला आकडा बरोबर आहे, पृथ्वीचा साधारण 0.33 च आहे. पण 2/5 हे सगळीकडे सारख्या घनतेच्या गोळ्यासाठी. पृथ्वीच्या पोटात लोखंडाचा जड गाभा आहे, त्रिज्या सुमारे 3480 किमी, वर हलका खडक, म्हणजे वजन अक्षाजवळ गोळा झालंय आणि आकडा 0.4 च्या खाली आला. कोनाचा 2/3 तिथेही तसाच राहतो, बदलतं फक्त r चं इंटिग्रल, कारण ρ आता r प्रमाणे बदलतो आणि बाहेर काढता येत नाही. चंद्राचा गाभा अगदी लहान आहे म्हणून त्याचा 0.393, जवळजवळ 2/5. आणि मेसेजवाल्याला हवं होतं 0.6, पृथ्वी तर उलट्या दिशेला गेली.

आता चॅनल. उतारावरून न घसरता घरंगळणाऱ्या गोळ्याचं त्वरण g sinα / (1 + k), इथे k म्हणजे MR² च्या आधीचा आकडा. हा प्रयोग करणाऱ्या पोरांना मी विचारलं काय वापरलं, तर स्लायडिंग खिडकीचा अ‍ॅल्युमिनियम चॅनल, आतली फट 15 मिमी, आणि 25 मिमी व्यासाचा बेरिंगचा छर्रा. तिथेच कळलं. छर्रा चॅनलच्या तळाला टेकतच नाही, तो दोन कडांवर बसतो. त्याची त्रिज्या 12.5, फटीचं निम्मं 7.5, मग पायथागोरसने केंद्रापासून कडांच्या रेषेपर्यंतचं अंतर

√(12.5² − 7.5²) = 10 मिमी

म्हणजे छर्रा 12.5 च्या नाही, 10 च्या त्रिज्येवर घरंगळतोय. तेवढंच अंतर जायला त्याला जास्त गरगरावं लागतं, फिरण्यात जास्त ऊर्जा जाते, पुढे जायला कमी उरते. सूत्रात k च्या जागी k(R/r)² येतं, आणि k = 2/5 धरूनच

0.4 × (12.5/10)² = 0.625

बघा, 2/5 बरोबर धरल्यावरच चॅनलमधे 0.6 च्या आसपास दिसतं. फट 15 च्या ऐवजी 10 मिमी असती तर 0.476 दिसलं असतं, मग काय गोळ्याचा मोमेंट चॅनल बघून बदलतो का?

रविवारी संध्याकाळी त्याच पोरांना घेऊन पत्र्याच्या शेडमधे दोन्ही करून बघितलं. आठ फुटी प्लायवूड, त्यावर 2 मीटरची खूण, तेवढ्यात उंचीचा फरक 10 सेमी, म्हणजे sinα = 0.05. आडव्या दिशेला गवंड्याची लेव्हल लावून घेतली नाहीतर छर्रा बाजूला पळतो आणि अंतर वाढतं. हाताने ढकलायचं नाही, पट्टी आडवी धरायची आणि उचलायची. मोबाईलवर सेकंदाला 30 फ्रेमचा व्हिडिओ. हिशोबाने सपाट प्लायवर 2/5 ला 3.38 सेकंद यायला हवेत म्हणजे 101 फ्रेम, 3/5 खरं असतं तर 3.61 म्हणजे 108. पाच वेळा सोडला, 101, 102, 101, 102, 102. मग त्याच उतारावर चॅनल ठेवला, हिशोब 3.64 सेकंदांचा, 109 फ्रेम, आल्या 109 आणि 110. मोबाईलच्या व्हिडिओला चॅनलचे 0.625 आणि मेसेजचे 0.6 वेगळे ओळखणं अवघडच, एका फ्रेमचा फरक, त्यामुळे पोरं फसली यात त्यांचा दोष धरू नका. सपाट फळीवर मात्र सात फ्रेमचा फरक आहे, तो नुसत्या डोळ्यांनी मोजता येतो. ज्याने मेसेज बनवला त्याने तो छर्रा चॅनलमधून काढून एकदा फळीवर सोडावा.