पुस्तक द्या, पण सोबत बसून वाचा

"मुलगी रोज वाचते, तरी एसएसएलसीच्या नावानं घाबरते. कुठलं पुस्तक देऊ?"

ताई, बार्बरा ओकली आणि सहलेखकांचं 'लर्निंग हाऊ टू लर्न' (२०१८) द्या. मुलांसाठीच लिहिलंय, पण इंग्रजीत. आपल्या खानापूरकडच्या मराठी माध्यमाच्या मुलीला जड वाटलं तर रोज दोन पानं तुम्ही मराठीत सांगा. त्यातली एक सवय आधी लावा. विजेच्या धड्याचं एक पान वाचून पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं. ओहमचा नियम आला, रोधाचं एकक सुटलं, तर तेवढंच पुन्हा बघायचं. नुसतं वाचताना सगळं येतंय असं वाटतं, पेपरात मात्र आठवत नाही. माझ्या मते भीती बरीचशी तिथूनच येते. झोप-जेवण तुटलं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, पुस्तकावर थांबू नका.