दोनच तर तास!

दुकान साडेआठऐवजी रात्री साडेदहाला बंद करायचं ठरवताय? अभिनंदन! निर्णय घेण्याची उत्तम वेळ म्हणजे रात्री आठ वाजता, समोरच्या दुकानाचे दिवे बघत. आमच्या शेठनी असाच घेतला. "उद्यापासून साडेदहा. दोनच तर तास!" एवढं बोलून ते जेवायला घरी गेले. गल्ला आणि हिशोबाची वही माझ्याकडे.

पहिली गोष्ट, कागद-पेन अजिबात घेऊ नका. घेतलंत तर घोटाळा होतो. आमच्यासारखं मध्यम किराणा दुकान धरा. नोकराला महिना १५,०००. दिवस २६, तास आठ, म्हणजे महिन्याचे २०८ तास. तासाला पडले साधारण ७२ रुपये. दुकानांच्या २०१७च्या कायद्यात जादा तासाला दुप्पट दर आहे, म्हणजे १४४. चार माणसांच्या दुकानाला त्यातली बरीच कलमं लागू होत नाहीत, हे आमच्या शेठना तोंडपाठ आहे. पण दमलेल्या पोराला कलम नाही, पाय दुखतात. तेव्हा दुप्पटच धरू. दोन माणसं, दोन तास, झाले साधारण ५८०. वर वीज ४०, चहा-वडापाव ६० आणि शेवटची बस चुकलेल्याचं रिक्षाभाडं १००. एकूण रोज ७८०.

भाडं यात धरू नका. ते दुकान बंद असलं तरी द्यावंच लागतं. (उपरोध नाही, हे खरंच धरायचं नसतं.)

आता हे ७८० विक्रीतून निघणार, असं समजू नका. ते नफ्यातून निघतात. शंभराच्या विक्रीत बारा रुपये सुटत असतील, तर ७८०ला ०.१२ने भागा. रोज ६,५०० रुपयांची जादा विक्री हवी. त्यात शेठना मिळणार शून्य, फक्त खर्च निघाला.

या "जादा" शब्दाकडे मात्र साफ दुर्लक्ष करा. रात्री साडेदहाला गल्ला मोजायचा, नऊ हजार दिसले की मिशीवर ताव द्यायचा. समोरच्या सोसायटीतले काका महिन्याची यादी घेऊन पूर्वी साडेसातला यायचे. आता जेवून, स्लिपर घालून पावणेदहाला येतात. तीच यादी, तीच पाच किलोची तूरडाळ, तोच "जरा निवडून द्या". त्यांचं बिल रात्रीच्या खात्यात पडलं की शेठ खूश, आणि संध्याकाळी सात ते साडेआठ दुकानात माश्या मारतोय कोण, तर आम्ही! साडेआठपर्यंतची विक्री पाच हजारांनी उतरलीय हे मी बिलाच्या मशीनमधून तासवार काढून दाखवलं. नऊतून पाच गेले, खरी वाढ चार हजार. त्यावर सुटले ४८०. खर्च ७८०. रोज तीनशेचा खड्डा, आणि तो खणायला आम्ही रात्री साडेदहापर्यंत उभे! कागद बघून शेठ म्हणाले, "गिऱ्हाईकाला सवय लागू दे." अहो, सवय लागलीच आहे! उशिरा यायची!

आणि ते चार हजार तरी कशाचे? दुधाची पिशवी, ब्रेड, थंड पेयाची बाटली. रात्री दहाला कोणी बासमती घेत नाही. दुधा-ब्रेडवर सुटतं किती ते दुकानदाराला सांगायला नको. सरासरी बाराची आठवर आली की तेच ७८० काढायला ६,५०० पुरत नाहीत, ९,७५० लागतात.

तुलना कधी करायची? दिवाळीच्या आठवड्यात. आकडे झकास येतात.

काउंटरवरच्या ताईंना विचारायची गरज नाही. साडेनऊनंतर बाईला थांबवायचं तर तिची संमती आणि घरी पोचवायची सोय लागते, पण "आपल्या घरच्यासारखंच आहे" म्हटलं की दोन्ही आपोआप होतं!

नाही, पुरे झालं. सरळ सांगतो. उशिरापर्यंत उघडं ठेवायचं असेल तर ठेवा, स्टेशनजवळ, दवाखान्याजवळ, हॉस्टेलच्या गल्लीत ते परवडतंही. पण आधी चार आठवडे करून बघा, सणवार वगळून. सोमवारची सोमवारशी आणि पगाराच्या आठवड्याची पगाराच्या आठवड्याशी तुलना करा, आणि रात्रीचा गल्ला नव्हे, दिवसभराची एकूण विक्री मोजा. एका माणसात भागतंय का बघा. शनिवार-रविवारच पुरतोय का तेही बघा. जादा तासाचे पैसे पहिल्या दिवसापासून द्या. ते न देता "परवडतंय" म्हणता, तेव्हा तुमचा धंदा वाढलेला नसतो, नोकराचा पगार कापलेला असतो. आणि हे सगळं करायचा कंटाळा असेल, तर निदान रात्री साडेदहाला स्वतः काउंटरवर उभे राहा. घरी जेवून फोनवर "गर्दी आहे का रे?" विचारू नका.