रांगेत उभे शेअर

शेअर विकले तेव्हा स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. सरासरी खरेदी 140, भाव 170. 16 जून 2025 ला मी 100 शेअर विकून टाकले आणि शीळ घालत चहा टाकला. परत येऊन बघतो तर उरलेले शेअर लालभडक! सरासरी 180. भाव तोच, शेअर तेच, मग चहा उकळेपर्यंत ही सरासरी चढली कशी?

उत्तर असं की, शेअर रांगेत उभे असतात. विक्री झाली की जो आधी आला तो आधी जातो. स्वस्तातले जुने निघून गेले आणि मागे महागातले राहिले. मी मनातल्या मनात जानेवारीतले, 180 ला घेऊन पस्तावलेले शेअर विकले होते. हिशेबात मनाला जागा नाही.

वही काढली. 11 मार्च 2024 ला 100 च्या भावाने 60, 2 ऑगस्टला 140 ने 50, 21 जानेवारी 2025 ला 180 ने 40. विकलेल्या शंभरात मार्चचे सगळे 60 गेले. त्यांना 12 महिने उलटून गेलेले, म्हणजे करासाठी दीर्घ मुदतीचे, नफा 4200. उरलेले 40 ऑगस्टचे, साडेदहा महिन्यांचे, म्हणजे अल्प मुदतीचे, नफा 1200. दीड महिना कळ काढली असती तर तेही पलीकडे गेले असते, पण कळ काढणं आमच्या रक्तात नाही.

माझ्या वहीप्रमाणे हातात 50 राहायला हवेत, सरासरी 172. स्क्रीन म्हणते 30 आणि 180. मी स्क्रीनलाच वेड्यात काढलं.

"अहो, वॉशिंग मशीनच्या वेळी काही विकलं होतंत ना?" बायको आतून म्हणाली.

डिसेंबर 2024. वीस शेअर! रांगेतले पहिले वीस तेव्हाच निघून गेले होते आणि मी त्यांना अजून उभं धरून बसलो होतो. सगळी रांग पुढे सरकली. आता मार्चचे 40, नफा 2800, दीर्घ. ऑगस्टचे पन्नासच्या पन्नास, नफा 1500, अल्प. आणि शंभर भरायला जानेवारीतले 10, त्यात तोटा 100, तोही अल्प, म्हणून अल्प मुदतीचा निव्वळ नफा 1400. उरले जानेवारीतले 30, सरासरी 180. स्क्रीन बरोबर होती. वीस शेअर विसरलो आणि तिन्ही आकडे चुकले.

मी खुशीत वही मिटणार, तेवढ्यात लक्षात आलं. डिसेंबरात विकलेले ते वीस मार्चचेच, नऊ महिन्यांचे. म्हणजे तो नफाही अल्प मुदतीचा, आणि मागच्या वर्षाचा.

मागच्या वर्षीचं विवरणपत्र उघडून बसलोय. वीस शेअर कुठेच दिसत नाहीत. आतून वॉशिंग मशीनचा आवाज येतोय.