पाच बायका, दोन गोळ्या आणि एक 'शी'

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी एक इंग्रजी मेसेज टाकला आणि खाली मला टॅग केलं. "मॅडम, जरा मराठीत करून द्या, वॉचमनच्या केबिनमध्ये लावायचंय. दोन मिनिटांचं काम आहे." मेसेज असा : "प्लंबर टोल्ड वॉचमन दॅट ही लेफ्ट हिज की इन द पंप रूम. ही शुड स्विच इट ऑफ अँड लॉक इट बिफोर ही लीव्ज."

मी तीन प्रश्न विचारले. किल्ली कोण विसरलं? बंद काय करायचं? आणि निघायच्या आधी म्हणजे कोण निघायच्या आधी? उत्तरादाखल हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारा तो पिवळा गोळा आला आणि सोबत, "मॅडम, सिंपल इंग्लिश आहे हो. तुम्ही फार कीस काढता." त्याला लगेच चार अंगठे.

काढते कीस. कारण एकदा काढला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आत्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. तिला दोन गोळ्या चालू होत्या, एक बीपीची आणि एक रक्त पातळ करणारी. तिची सून, म्हणजे माझी वहिनी, अमेरिकेत असते. डॉक्टरांशी फोनवर तीच बोलली आणि घरच्या ग्रुपवर तिनं लिहिलं : "स्पोक टु डॉक्टर. शी सेड शी शुड स्टॉप इट फाइव्ह डेज बिफोर. शी विल टेल हर व्हेन टु स्टार्ट अगेन." आत्याला सांभाळणाऱ्या मंदाताईंना इंग्रजी येत नाही, तेव्हा मराठी करायचं काम माझ्याकडे. पोटापाण्यासाठी मी तेच करते ना. भाजी फोडणीला टाकता टाकता मी लिहून पाठवलं :

"डॉक्टरांशी बोलले. त्या म्हणाल्या, त्यांनी गोळी पाच दिवस आधी बंद करावी. परत कधी सुरू करायची ते त्या सांगतील."

वाचायला किती सुरेख! व्याकरणाची एक चूक दाखवा. आणि आता मला सांगा, यातल्या पहिल्या 'त्या' कोण, 'त्यांनी' म्हणजे कोणी, आणि शेवटच्या 'त्या' कोण?

या एवढ्याशा मेसेजमध्ये पाच बायका होत्या. डॉक्टर बाई, आत्या, मंदाताई, लिहिणारी वहिनी आणि, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं, आत्याची मुलगी सुलू. इंग्रजीत निदान माणसाला 'शी' आणि गोळीला 'इट' एवढा तरी फरक होता. मराठीत आल्यावर तोही गेला असता, कारण गोळीही 'ती'च. शब्दाला शब्द ठेवून बघा : "ती म्हणाली, तिने ती पाच दिवस आधी बंद करावी, मग ती तिला सांगेल." हे भाषांतर नाही, आंधळी कोशिंबीर आहे. आणि डॉक्टरांना, आत्याला, मंदाताईंना मान द्यायचा म्हटलं की सगळ्या 'त्या' होतात, 'त्यांनी' होतात. 'त्यांनी' तर इतकं निर्गुण निराकार की बाई की पुरुष, एक की अनेक, काहीच कळू देत नाही. इंग्रजीत 'शी टोल्ड हिम' असं लख्ख लिहिलेलं असलं तरी आपण अदबीनं "त्यांनी त्यांना सांगितलं" करतो आणि उजेडातलं वाक्य स्वतःच्या हातानं अंधारात नेतो. म्हणजे मूळ इंग्रजी स्पष्ट असतं तेव्हासुद्धा मराठीत येताना नावं घालावी लागतात. मूळच गढूळ असेल तर मग बघायलाच नको.

लोकांना वाटतं, भाषांतर म्हणजे या भाषेतून उचललं आणि त्या भाषेत ठेवलं. नाही हो. असल्या मेसेजचं आधी इंग्रजीतून इंग्रजीत करावं लागतं. मी आता काय करते सांगते. मेसेजमधल्या प्रत्येक 'ही', 'शी', 'इट', 'दे'खाली पेन्सिलीनं नाव लिहिते. एकाच्या खाली दोन नावं बसत असतील, तर तिथे थांबते आणि लिहिणाऱ्याला विचारते. विचारायचीही पद्धत असते. "हे क्लिअर आहे ना?" असं विचारलं की उत्तर "हो" असंच येतं, कारण लिहिणाऱ्याला ते स्पष्टच असतं, चित्र त्याच्या डोक्यात असतं. म्हणून पर्याय द्यायचे. "किल्ली प्लंबरची की वॉचमनची?" यावर "हो" म्हणता येत नाही.

आणि संदर्भावरून कळतं की, असं कृपा करून सांगू नका. मलाही संदर्भावरून 'कळलं'च होतं! मला वाटलं, शेवटच्या 'शी' म्हणजे डॉक्टर. दुसरं कोण सांगणार गोळी कधी सुरू करायची ते? वहिनीच्या डोक्यात होती सुलू. सुलू डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना विचारणार आणि मंदाताईंना फोन करणार, असं दोघींचं आपसांत ठरलेलं. आणि 'इट' म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी, हे वहिनीनं आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये लिहिलं होतं, मी फक्त 'गोळी' केलं. आता आत्याच्या घरात 'गोळी' म्हणजे बीपीची. दुसरीला त्या दोघी 'रक्ताची' म्हणत. मंदाताईंनी इमानदारीत पाच दिवस बीपीची गोळी बंद ठेवली आणि रक्ताची रोज सकाळी न चुकता दिली.

थांबा, परत त्या सेक्रेटरींच्या मेसेजकडे येते, नाहीतर म्हणाल बाई घरचं पुराण लावून बसली.

"प्लंबर टोल्ड वॉचमन दॅट ही लेफ्ट हिज की." याचा गुंता सोडवायला आपल्याकडे एक साधी युक्ती आहे, आणि ती मराठी माणूस रोज वापरतो. आपण दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याच्याच तोंडून वदवतो. आजी कधी म्हणाली का, "तो म्हणाला की तो येणार नाही"? ती म्हणते, "मी येणार नाही, असं म्हणाला." झालं! तेव्हा इंग्रजीतच आधी विचारायचं की प्लंबरच्या तोंडचे नेमके शब्द काय होते. "आय लेफ्ट माय की" की "यू लेफ्ट युअर की"? पहिलं असेल तर "मी माझी किल्ली पंपरूममध्ये विसरलो, असं प्लंबरनं वॉचमनला सांगितलं." दुसरं असेल तर "तुम्ही तुमची किल्ली पंपरूममध्ये विसरलात, असं प्लंबरनं वॉचमनला सांगितलं." मधला तो भुताटकीचा 'तो' उरतच नाही. 'हिज'चाही निकाल त्यातच लागतो. एरवी मराठी तिथे हटून बसते : आपली किल्ली की त्याची किल्ली? दोन्ही दगडांवर पाय ठेवायची सोय इंग्रजीला आहे, आपल्याला नाही.

पुढचा 'इट' तर दोन आहेत. बंद करायची ती वेगळी वस्तू आणि कुलूप लावायचं ती वेगळी. कुलूप खोलीला, हे मान्य, एवढं मलाही कळतं. पण बंद काय, मोटर की दिवा? मराठीत 'इट'ला लिंग द्यावं लागतं आणि लिंग द्यायचं तर आधी वस्तू ठाऊक हवी. मोटर धरली तर "ती बंद करून तिला कुलूप लावावे." म्हणजे वॉचमननं मोटरला कुलूप घालायचं का? आणि दिवा धरून "तो बंद करावा" म्हटलं आणि खरं म्हणजे मोटर बंद करायची होती, तर रात्रभर टाकी वाहील आणि सकाळी सगळे वॉचमनवर ओरडतील. मेसेज लिहिणाऱ्यावर कोणी ओरडणार नाही. त्याचं इंग्रजी सिंपल असतं ना.

खरा संताप मला याचाच आहे. चूक होते वर, साहेबाच्या वाक्यात, आणि भरते खाली, ज्याला ते वाक्य वाचताही येत नाही त्याच्या पदरात. मंदाताईंना हॉस्पिटलमध्ये भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "रक्ताची गोळी शेवटची कधी दिली?" त्या म्हणाल्या, "काल सकाळी." ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं. आत्याचं बीपी त्या दिवशी वर होतंच. आणि घरचे सगळे त्या बाईला बोलले. "एवढं लिहून दिलं होतं तरी!" तेव्हा मी तिथेच उभी होते आणि दोन मिनिटं, नाही, जास्तच, मी गप्प राहिले. मग सांगितलं की लिहिणारी मी. पण ती दोन मिनिटं...

असो. आत्या आता उत्तम आहे, भांडते छान.

दुसऱ्या खेपेला मी वहिनीला आधी फोन केला, इंग्रजी मेसेज तिच्याकडूनच नव्यानं लिहून घेतला, आणि मग मंदाताईंना हे पाठवलं : "ऑपरेशन 18 तारखेला आहे. रक्ताची गोळी 12 तारखेला सकाळी शेवटची द्या. 13 ते 17 रक्ताची गोळी द्यायची नाही. बीपीची गोळी रोजच्यासारखी चालू ठेवा. 18 तारखेच्या सकाळचं हॉस्पिटल सांगेल. रक्ताची गोळी परत कधी सुरू करायची, ते सुलू डॉक्टरांना विचारून तुम्हाला फोनवर सांगेल. सुलूचा फोन येईपर्यंत सुरू करू नका." पाठवून थांबले नाही. मंदाताईंना म्हटलं, आता तुम्ही मला सांगा, कोण काय करणार. त्यांनी बरोबर सांगितलं, वर म्हणाल्या, "आधीच असं लिहायचं की हो ताई."

हो, मान्य, 'रक्ताची गोळी' तीन वेळा आलं. पंचनाम्यासारखं वाटतं. वाटू दे.

आणि हेही मान्य की प्रत्येक सर्वनामामागे लाठी घेऊन धावायची गरज नसते. "सुलू आली आणि जेवून गेली" यात कोणी विचारत नाही कोण गेली. कोणाच्या जबाबाचं किंवा कोर्टातल्या कागदाचं भाषांतर असेल तर मला असं बदलताही येत नाही. तिथे 'तो' संदिग्ध असेल तर संदिग्धच ठेवायचा आणि खाली टीप द्यायची. पण पंपरूमची नोटीस म्हणजे काय हायकोर्ट आहे?

सेक्रेटरी तसे वाईट नाहीत. मागच्या पावसात बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तेच उतरले होते. त्यांना खरंच वाटतंय की त्यांचं वाक्य स्पष्ट आहे. मलाही वाटलं होतं.

एवढं टाइप करेपर्यंत त्यांचा मेसेज आला, या वेळी ग्रुपवर नाही, मला एकटीला : "मॅडम, किल्ली प्लंबरचीच. निघायच्या आधी म्हणजे वॉचमनने. बंद काय करायचं ते प्लंबरला फोन करून सांगतो."